डायरी ॲपला लॉक लावलं, पण आतलं खरंच बंद झालं का? सेटअप नेमका कोणत्या क्रमाने करायचा

माझ्या मावसबहिणीची डायरी तिच्या नवऱ्याने वाचली. ॲपला फिंगरप्रिंट लॉक होतं, ते चालू होतं, आणि त्याने काही हॅक वगैरे केलं नाही, नुसतं बोट ठेवलं आणि उघडलं. झालं असं होतं की दोन वर्षांपूर्वी कणिक मळताना कुरियरवाला दारात यायचा, ओटीपी सांगायला फोन उघडायला लागायचा, म्हणून तिनेच त्याचं बोट फोनमध्ये नोंदवून दिलं होतं. नंतर डायरी ॲप घेतलं तेव्हा ॲपने विचारलं फिंगरप्रिंट लावू का, ती हो म्हणाली. ॲपला कुणाचं बोट आहे ते कळतच नाही, ते फक्त फोनला विचारतं की हे बोट तुझ्याकडे नोंदलेलं आहे का, आणि फोन हो म्हणाला की दार उघडतं.

माझ्या बाबतीत उलटं झालं. मी एन्क्रिप्शन असलेलं एक ॲप वापरत होते, पासवर्ड चांगला मोठा ठेवला होता आणि तो त्याच फोनमधल्या नोट्समध्ये लिहिला होता. फोन पाण्यात पडला. ॲपवाल्यांना मेल केला, त्यांचं उत्तर आलं की पासवर्ड आमच्याकडे नसतो, काहीच करता येणार नाही. आठ महिन्यांचं लिखाण गेलं, त्यात आजीच्या शेवटच्या दिवसांच्या नोंदी होत्या.

म्हणजे दोन बाजूंनी चूक होते, एकतर नको तो माणूस आत येतो नाहीतर आपणच बाहेर राहतो. मला जे लोक याबद्दल विचारतात त्यांच्यातल्या बहुतेकांचा क्रम सारखाच उलटा असतो, आधी ॲप टाकतात, मग लगेच मनातलं सगळं भडाभडा लिहून काढतात, आणि पासवर्ड, बॅकअप, फोनची सेटिंग हे नंतर बघू म्हणतात. खालचा क्रम बदलू नका. एकूण तासभर लागेल, घरात एकटे असाल तेव्हाच बसा, आणि एक कागद आणि पेन जवळ ठेवा, फोनमध्ये लिहून चालणार नाही.

## सुरू करण्याआधी: लॉक आणि एन्क्रिप्शन यातला फरक

लॉक म्हणजे दाराची कडी. ॲप उघडताना पिन किंवा बोट मागतं, बास. आतलं लिखाण फोनच्या मेमरीत किंवा कंपनीच्या सर्व्हरवर कसं पडलंय याच्याशी त्याचा काही संबंध नसतो, ते साधं वाचता येण्यासारखं असू शकतं. एन्क्रिप्शन म्हणजे लिखाणच अशा रूपात ठेवायचं की किल्लीशिवाय ते निरर्थक अक्षरांचा ढीग असतो. आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे ती किल्ली फक्त तुमच्याकडे, कंपनीकडे पण नाही.

प्ले स्टोअरवर 'डायरी विथ लॉक' टाकलं की गुलाबी कुलपाची चित्रं असलेली ढीगभर ॲप्स येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी फक्त कडी असते. ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. 'पासवर्ड विसरलात?' यावर दाबा आणि काय होतं ते बघा. नुसत्या ईमेलवर लिंक येऊन नवीन पासवर्ड टाकला आणि सगळ्या जुन्या नोंदी परत आल्या, तर किल्ली त्यांच्याकडे आहे हे नक्की, कारण नसती तर उघडलं कसं असतं? खऱ्या एंड-टू-एंडमध्ये ॲप तुमच्याकडून आधी लिहून घेतलेली रिकव्हरी की मागतं, नाहीतर सरळ सांगतं की जुनं लिखाण परत येणार नाही.

लोक जी नावं विचारतात त्यांच्याबद्दल थोडक्यात. आयफोनवर ॲपलचं जर्नल ॲप आहे, ते डिसेंबर २०२३ मध्ये आयओएस १७.२ बरोबर आलं, फोनला पासकोड असेल आणि ॲपल अकाउंटला टू-फॅक्टर चालू असेल तर आयक्लाउडवरच्या नोंदी एंड-टू-एंड असतात. डे वन मध्ये एक एन्क्रिप्शन की मिळते ती जपून ठेवावी लागते, हरवली तर कंपनी ती देऊ शकत नाही. जॉप्लिन चांगलं आहे पण त्यात दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात, एक म्हणजे एन्क्रिप्शन आपण स्वतः चालू करावं लागतं, आणि दुसरं म्हणजे ते सिंकसाठी आहे, तुमच्या कॉम्प्युटरवरची फाइल साधीच राहते. गुगल कीप एंड-टू-एंड नाही, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करून डायरी लिहिणाऱ्यांनी हे बघा की चॅट एंड-टू-एंड असली तरी गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप तसा नसतो जोपर्यंत तुम्ही ते वेगळं चालू करत नाही.

मी इथे अँड्रॉइडवर स्टँडर्ड नोट्स धरून सांगते, कारण ते फुकट प्लॅनमध्ये पण एंड-टू-एंड आहे आणि लॅपटॉपवरून पण चालतं. फुकटात फक्त साधा मजकूर लिहिता येतो, फोटो आणि रंगीबेरंगी काही नाही, पण रोजच्या डायरीला तेवढं पुरतं असं माझं मत आहे. दुसरं ॲप घेतलं तरी टप्पे हेच राहतील.

## टप्पा १: आधी फोन साफ करा

ॲपला हात लावायच्या आधी हे. फोनच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जाऊन फिंगरप्रिंटची यादी उघडा. 'फिंगर १, फिंगर २' अशी नावं असतील तर कुठलं कुणाचं ते कळत नाही. बऱ्याच फोनवर त्या पानावर बोट टेकवलं की ती ओळ चमकते, तसं नसेल तर सगळी पुसा आणि फक्त स्वतःची परत घाला. आयफोनवर फेस आयडीमध्ये दुसरा चेहरा घालायची सोय असते, तिथे कुणाचा घातलाय का ते बघा.

मग फोनचा पिन बदला. घरातल्या पोरांना यूट्यूबसाठी पिन माहीत असतो आणि आपण ते विसरून जातो. बोट चाललं नाही की पुष्कळ ॲप्स फोनचाच पिन मागतात, म्हणजे ज्याला फोनचा पिन माहीत त्याला डायरी पण उघडी.

तिसरं, अँड्रॉइडवर 'एक्स्टेंड अनलॉक' नावाची सोय असते, आधी तिला स्मार्ट लॉक म्हणायचे. त्यात घराचा पत्ता दिलेला असेल तर घरात असताना फोन उघडाच राहतो. डायरी ज्यांच्यापासून जपायची ते घरातच असतील तर ही सोय बंदच हवी.

घरात पिन बदलला म्हणून प्रश्न येणार असतील तर फोनचा पिन आहे तसा राहू दे, आणि टप्पा ४ मधला ॲपचा वेगळा पासकोड हाच तुमचा खरा अडसर आहे असं धरून चाला.

थांबा, हे तपासा: घरातल्या कुणाला तरी सहज म्हणून फोन द्या आणि त्यांच्या बोटाने उघडतो का बघा. उघडला तर यादीत अजून कुणीतरी शिल्लक आहे.

सावधान: तुमच्या फोनमध्ये कुणीतरी पाळत ठेवणारं ॲप टाकलंय असा संशय असेल तर या फोनवर डायरी लिहूच नका. एन्क्रिप्शन हे लिहून झालेल्या मजकुरासाठी असतं, टाइप करतानाच कुणी बघत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत कुठल्या ॲप्सना परवानगी आहे ते बघा, तुम्ही न टाकलेलं नाव दिसलं तर दुसऱ्या, विश्वासातल्या फोनवरून मदत घ्या.

## टप्पा २: पासवर्ड, कागदावर

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. एंड-टू-एंडमध्ये पासवर्ड म्हणजे नुसतं लॉगिन नाही, त्यातूनच किल्ली तयार होते. स्टँडर्ड नोट्समध्ये तुमच्या पासवर्डपासून फोनवरच दोन तुकडे बनतात, एक सर्व्हरला लॉगिनसाठी जातो आणि दुसरा फोनमध्येच राहून लिखाण बंद करतो आणि उघडतो. म्हणून पासवर्ड दुबळा असेल तर किल्ली पण दुबळी, आणि मुलाचं नाव आणि जन्मसाल हे घरातला माणूस पाचव्या प्रयत्नात ओळखतो.

मी सहा शब्दांचा वाक्यांश ठेवते, पण शब्द मनाने निवडायचे नाहीत, मनाने निवडले की सगळे आवडीचे येतात. घरात कुठलाही जाडसर शब्दकोश असेल तर तो घ्या. ० ते ९ आकडे लिहून दहा चिठ्ठ्या करा आणि डब्यात टाका. तीन वेळा चिठ्ठी काढायची, तो पान नंबर. चौथी चिठ्ठी म्हणजे त्या पानावरचा कितवा शब्द, शून्य आलं तर दहावा. दर वेळी चिठ्ठी परत डब्यात टाकून हलवायची. पान नंबर शब्दकोशाच्या बाहेर गेला तर परत काढा. ७०० पानी कोश असेल तर प्रत्येक शब्दाला ७,००० शक्यता झाल्या आणि असे सहा शब्द, उलट चार आकडी पिनला सगळ्या मिळून १०,००० शक्यता असतात. फरक समजला असेल.

आता मराठी माणसांची खास चूक. पासवर्ड देवनागरीत ठेवू नका. 'तऱ्हा' किंवा 'सुऱ्या' मधला तो र वेगवेगळे कीबोर्ड आत वेगवेगळ्या पद्धतीने साठवतात, डोळ्याला सारखंच दिसतं पण पासवर्ड म्हणून ते वेगळं ठरू शकतं, आणि सगळी ॲप्स ते एकसारखं करून घेत नाहीत. फोनवर चाललेला पासवर्ड लॅपटॉपवर चालणार नाही आणि तुम्हाला कारणही कळणार नाही. म्हणून शब्द मराठी पण अक्षरं रोमन, सगळी लहान, मध्ये आडवी रेघ. साधारण असं:

```
kandil-ukhal-sutli-ghongadi-pavasha-davan
```

हाच वापरू नका, हा आता सगळ्यांनी वाचला. आणि रोमनमध्ये लिहिताना दुसरी अडचण येते, आज `ghongadi` लिहिलं आणि सहा महिन्यांनी हात `ghongdi` टाइप करतो. म्हणून कागदावर मराठी शब्द नाही, जे टाइप करणार ते अक्षर न अक्षर लिहायचं.

कागद दोन करा. दोन्ही ठिकाणं वेगळी. कागदावर ॲपचं नाव, ईमेल, 'डायरीचा पासवर्ड' असं काहीही लिहू नका, नुसते सहा शब्द. घरच्यांपासूनच जपायचं असेल तर कपाटातली एलआयसीची फाइल ही जागा नाही, ऑफिसचा ड्रॉवर किंवा मैत्रिणीकडे बंद पाकीट हे बरं. फोनच्या कव्हरमागे ठेवू नका, फोन गेला की दोन्ही गेलं.

सावधान: कागदाचा फोटो काढू नका. फोटो लगेच गुगल फोटोजवर जातो, आणि ते अकाउंट घरातल्या टीव्हीवर किंवा टॅबवर पण लॉगिन असतं.

## टप्पा ३: ॲप आणि अकाउंट

प्ले स्टोअरवर `Standard Notes` शोधा, टाका, आणि एकही ओळ लिहायच्या आधी अकाउंट उघडा. हा क्रम महत्त्वाचा आहे कारण हे ॲप अकाउंटशिवाय पण चालतं, आणि अकाउंट नाही आणि पासकोड पण नाही अशा अवस्थेत लिहिलेलं एन्क्रिप्ट होतच नाही. मी तीन जणांना असंच वापरताना पाहिलंय, महिनोन्महिने, आणि त्यांची खात्री होती की आपलं सगळं एन्क्रिप्टेड आहे.

ईमेल कुठला द्यायचा? जो मेल घरात दोघांच्या फोनवर चालू आहे तो नको. ॲपकडून मेल येतील आणि त्यावरून डायरी आहे हे कळेल. वेगळा ईमेल काढायचा तर तो पण कागदावर, पण पासवर्डच्या दोन्ही कागदांवर नाही, वेगळ्या तिसऱ्या कागदावर.

पासवर्ड टाकताना कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करत नाहीये ना, आणि शब्दानंतर जागा सोडत नाहीये ना ते बघा. डोळ्याच्या चिन्हावर दाबून पासवर्ड दिसू द्या आणि कागदाशी अक्षर अक्षर जुळवा. फोन विचारेल की पासवर्ड सेव्ह करू का. तुमचं गुगल अकाउंट फक्त तुमच्याच फोनवर असेल तर ठीक, नाहीतर नको म्हणा.

थांबा, हे तपासा: ॲपच्या सेटिंगमध्ये `Security` उघडा, तिथे एन्क्रिप्शन चालू आहे असं दाखवतं का बघा. नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: ॲपचा स्वतःचा पासकोड

त्याच `Security` मध्ये पासकोड आणि बायोमेट्रिक अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक जण सोपं म्हणून बायोमेट्रिक चालू करतात आणि पासकोड सोडून देतात, करायचं बरोबर उलटं. पासकोड हा ॲपचा स्वतःचा असतो, फोनच्या पिनशी त्याचा संबंध नाही, आणि तो लावला की फोनवर साठवलेल्या किल्लीलाच आणखी एक आवरण बसतं. फोनच्या पिनसारखाच ठेवला तर अर्थ गेला, चार आकडी पण नको, सात-आठ अक्षरांचा ठेवा जो पटकन टाइप होईल. हा रोज वापरता म्हणून लक्षात राहतो, आणि विसरलात तरी साइन आउट करून त्या सहा शब्दांनी परत आत येता येतं, फक्त सिंक न झालेलं काही असेल तर ते जाईल.

लॉक कधी लागायचं ते पण निवडावं लागतं, लगेच की ॲप बंद केल्यावर. 'लगेच' निवडा. ॲप बंद केल्यावर हे निवडलं तर तुम्ही होम बटण दाबून व्हॉट्सॲपवर गेलात तरी डायरी मागे उघडीच असते. तिथेच `Multitasking Privacy` असा पर्याय मिळेल, तो लावला की अलीकडच्या ॲप्सच्या यादीत डायरीच्या पानाचं छोटं चित्र दिसत नाही. मला हे आधी किरकोळ वाटायचं, पण त्या छोट्या चित्रात मोठ्या अक्षरातला मथळा स्पष्ट वाचता येतो.

थांबा, हे तपासा: ॲप उघडा, 'आज पाऊस' एवढंच लिहा, होम दाबा, यादीतून परत ॲपवर या. पासकोड मागितला पाहिजे आणि यादीत पान दिसता कामा नये.

## टप्पा ५: स्वतःला बाहेर काढून परत आत या

हा टप्पा कुणीच करत नाही आणि माझे आठ महिने याच्यामुळेच गेले. आत्ता डायरीत फक्त 'आज पाऊस' आहे, गेलं तरी काही बिघडत नाही, म्हणून परीक्षा आत्ताच घ्यायची.

फोन बाजूला ठेवा. लॅपटॉपवर, तो नसेल तर विश्वासातल्या दुसऱ्या फोनवर, ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडून `app.standardnotes.com` वर जा. ईमेल टाका आणि पासवर्ड कागदात बघून टाका, आठवून नाही, कारण परीक्षा तुमच्या स्मरणशक्तीची नाही, त्या कागदाची आहे. 'आज पाऊस' दिसलं तर कागद बरोबर आहे. दुसऱ्या कागदाने पण एकदा करा. मग साइन आउट करा आणि विंडो बंद करा.

दिसलं नाही तर काय? बहुतेक वेळा कागदावर एखादं अक्षर चुकलेलं असतं किंवा फोनने पहिलं अक्षर मोठं केलेलं असतं. फोनवर तुम्ही अजून आत आहात, तिथून आधी पासवर्ड नीट जुळवून बघा, नाहीच जमलं तर अकाउंट सोडून द्या आणि नवीन उघडा. आज पाच मिनिटं जातील, वर्षभराने वर्ष जाईल.

## टप्पा ६: बॅकअप, पण कुठला

सेटिंगमध्ये `Backups` मध्ये दोन पर्याय असतात, एन्क्रिप्टेड आणि डिक्रिप्टेड. डिक्रिप्टेड म्हणजे सगळी डायरी साध्या मजकुरात, आणि ती फाइल फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन बसते जिथे कुठलाही फाइल मॅनेजर तिला उघडतो. ॲपला तीन कुलपं आणि डाउनलोडमध्ये अख्खी डायरी उघडी, हे मी खरंच पाहिलंय, आणि त्या बाईंना कुणी वाचलं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

एन्क्रिप्टेड घ्या. फाइल आली की ती टेक्स्ट म्हणून उघडून बघा, त्यात `004:` ने सुरू होणाऱ्या लांबच लांब अक्षरांच्या ओळी दिसतील, तुमचं एकही वाक्य वाचता येता कामा नये. वाचता आलं तर चुकीचा बॅकअप घेतलाय, पुसून टाका आणि ट्रॅशमधून पण पुसा. बरोबर असेल तर ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. गुगल ड्राइव्हवर किंवा मेलवर ठेवली तरी उघडणार नाही, फक्त फाइलच्या नावावरून ॲप कुठलं ते कळेल, म्हणून नाव बदला.

सावधान: जुना एन्क्रिप्टेड बॅकअप ज्या वेळचा आहे त्या वेळच्याच पासवर्डने उघडतो. पासवर्ड बदललात तर लगेच नवीन बॅकअप घ्या, आणि तो होईपर्यंत जुना कागद फाडू नका.

## टप्पा ७: जुनं लिखाण हलवा आणि मागचे माग पुसा

आता लिहायला हरकत नाही. कीपमधल्या, व्हॉट्सॲपमधल्या, फोनच्या नोट्समधल्या जुन्या नोंदी आणायच्या असतील तर थोड्या थोड्या आणा, आणि प्रत्येक खेपेला नोंद लॅपटॉपवरून पण दिसते आहे याची खात्री झाल्यावरच मूळ ठिकाणची पुसा, आधी पुसून मग चिकटवायचं असं करू नका.

पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. कीपच्या ट्रॅशमध्ये नोट ७ दिवस राहते, गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस, ॲपलच्या नोट्समध्ये ३० दिवस. सगळीकडे ट्रॅश रिकामा करावा लागतो. व्हॉट्सॲपवरून पुसल्यावर नवीन बॅकअप घ्या म्हणजे ड्राइव्हवरचा जुना बदलला जाईल.

कॉपी केलेला मजकूर जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये तासभर दिसत राहतो, त्या तासात कुणी फोन मागितला आणि कीबोर्डवरचं क्लिपबोर्डचं चिन्ह दाबलं की तुमचा परिच्छेद समोर. काम संपलं की तिथून पुसा, आणि काही पिन करून ठेवलं असेल तर ते तासाने पण जात नाही.

आणि कीबोर्ड स्वतः. हे फार जवळून बघण्यासारखं आहे. माझ्या एका मैत्रिणीने डायरीत एका माणसाचं नाव रोज लिहिलं, दोन महिने. मग एकदा मुलीने त्याच फोनवरून आत्याला मेसेज करायला घेतला, नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं आणि कीबोर्डने वरती ते नाव पूर्ण करून दाखवलं, पुढचा शब्द पण सुचवला. डायरी बंदच होती, पण जे टाइप केलं ते कीबोर्ड शिकला होता. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये `Privacy` मध्ये `Delete learned words and data` आहे, दाबलं की एक आकडा दाखवतो, तो टाइप केला की शिकलेलं पुसतं. मधूनमधून करा, किंवा डायरीत माणसांना खऱ्या नावाऐवजी एखादं अक्षर वापरा, मी तेच करते.

## रोज लिहिताना होणाऱ्या चुका

बोलून टाइप करायची सवय असेल तर लक्षात घ्या, ऑनलाइन चालणाऱ्या व्हॉइस टायपिंगमध्ये तुमचा आवाज आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि मग शब्द परत येतात, म्हणजे डायरीच्या एन्क्रिप्शनच्या आधीच तो बाहेर गेलेला असतो. आणि बेडरूममध्ये दार लावून बोललेलं बाहेर ऐकू येतं ही साधी गोष्ट पण विसरली जाते.

फोटो घालता येणारं ॲप वापरत असाल तर फोटो आधी गॅलरीत आणि तिथून क्लाउडवर गेलेला असतो, डायरीत आहे ती त्याची दुसरी प्रत. गॅलरीतला आणि क्लाउडवरचा वेगळा पुसावा लागतो.

'गेल्या वर्षी आजच्या दिवशी तुम्ही लिहिलं होतं' अशा आठवणी काही डायरी ॲप्स नोटिफिकेशनमध्ये पाठवतात, लॉक स्क्रीनवर, सगळ्यांच्या समोर. ते बंद करा, होम स्क्रीनवर विजेट पण ठेवू नका.

ॲपल नोट्समध्ये एखादी नोट लॉक करून डायरी लिहिणारे पण बरेच आहेत. तिथे आतला मजकूर एन्क्रिप्ट होतो पण नोटचं शीर्षक यादीत दिसतच राहतं, आणि शीर्षक म्हणजे तुमची पहिली ओळ. म्हणून पहिली ओळ कायम नुसती तारीख.

## फोन हरवला तर

घाबरून आधी सिम बंद करायला धावू नका, ते नंतर पाच मिनिटांनी केलं तरी चालेल. कागद काढा, लॅपटॉपवरून `app.standardnotes.com` वर लॉगिन करा, सेटिंगमध्ये चालू असलेल्या सेशनची यादी बघा आणि हरवलेल्या फोनचं सेशन रद्द करा. मग पासवर्ड बदला, परत चिठ्ठ्या काढून, जुन्यात एक आकडा वाढवून नाही. नवीन कागद दोन, नवीन एन्क्रिप्टेड बॅकअप, आणि परत टप्पा ५.

मावसबहिणीचा सेटअप आम्ही दोघींनी माझ्या घरी बसून केला, एक तास दहा मिनिटं लागली, त्यातली वीस मिनिटं चिठ्ठ्यांमध्ये गेली. टप्पा ५ ला तिचा पहिला कागद चुकला, चौथ्या शब्दात `v` च्या जागी `w` लिहिला गेला होता. तो कागद फाडला, नवीन लिहिला, परत लॉगिन केलं तेव्हा 'आज पाऊस' दिसलं. एक पाकीट माझ्याकडे आहे, दुसरं तिच्या शाळेतल्या लॉकरमध्ये. नवऱ्याचं बोट तिने फोनमधून काढलं नाही, तो तिचा निर्णय, पण ॲपचं बायोमेट्रिक बंद आहे आणि पासकोड तिचा एकटीचा आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ती बॅकअप घेते आणि फाइलमध्ये `004:` दिसतंय का ते बघून मला नुसता एक टिक पाठवते.